तीस वर्षांच्या पलीकडचे कागद
(अंबाजोगाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य दिवाणी कोर्टात गेले. म्हणून मीही आज दिवाणीतलाच विषय घेतो. आपल्या बीड जिल्ह्यात सध्या जुनी घरे मोठ्या संख्येने विक्रीला निघत आहेत. मुले पुण्याला किंवा संभाजीनगरला स्थिरावली, गावातल्या माळवदाच्या वाड्यात राहायला कोणी उरले नाही, तेव्हा वाडा विकायचा ठरतो. घेणारा बहुतेक वेळा नोकरदार असतो किंवा रान विकून गावात आलेला शेतकरी. त्याची आयुष्याची पुंजी या एका व्यवहारात जाते, आणि मालकीची खात्री तो ज्या कागदांवरून करतो ते बहुतेक वेळा मालकीचे कागदच नसतात.

नगरपालिकेचा पीटीआर उतारा हा कर कोणाकडून घ्यायचा हे सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठही तेच सांगतो. सिटी सर्व्हेच्या पीआर कार्डाचे वजन यांच्यापेक्षा जास्त आहे, तरीही ती महसुलाची नोंद आहे. मालकी त्या नोंदीने निर्माण होत नाही. मालकी येते खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वारसाने, वाटणीने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. साखळी शोधायची ती यांची, आणि ती शोधताना खरा प्रश्न असतो की मागे किती वर्षे जायचे.

बँक साधारण तीस वर्षांचा सर्च मागते. वकील दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरतो, इंडेक्स दोन पाहतो आणि बोजा आढळला नाही असा अहवाल देतो. तीस हा आकडा मुदतीच्या कायद्यातून आला आहे. गहाण सोडवण्याच्या दाव्याला १९६३ च्या कायद्याने तीस वर्षांची मुदत आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर कोर्ट तो खरा धरू शकते, असाही पुराव्याच्या कायद्याचा नियम आहे. बहुतेक व्यवहारांना हा काळ पुरतो. पण मराठवाड्यातल्या जुन्या घराला तो का पुरत नाही, हे मला एका घराच्या कागदांवरून दाखवायचे आहे. हे घर तीन-चार प्रकरणांतले तपशील एकत्र करून समोर ठेवतो, म्हणजे कोणाचे खाजगी उघडे पडणार नाही.

घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीतले. दगडमातीच्या भिंती, माळवद, पुढे ओसरी आणि मागे लहानसा चौक. विकणारा तरुण पुण्यात नोकरीला. त्याच्या हातात तीन कागद होते. पीटीआर त्याच्या नावाचा, पीआर कार्ड त्याच्या नावाचे, आणि आजोबांच्या नावाचे १९७४ चे नोंदणीकृत खरेदीखत. घेणारे एक शिक्षक दांपत्य होते. पन्नास वर्षांचा कागद आहे, आता आणखी काय बघायचे, असे त्यांना वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते.

खरेदीखत मिळाले की बहुतेक लोक आधी किंमत आणि सह्या पाहतात. मी आधी हकीकत वाचतो. विकणाऱ्याकडे हे घर कसे आले, हे सांगणारी ती दोन-चार वाक्ये असतात. चांगल्या खतात तिथे मागच्या दस्ताचा नंबर आणि तारीख असते. या १९७४ च्या खतात एवढेच होते की घर आमच्या वडिलांपासून आमच्या मालकी व कब्जेवहिवाटीचे आहे. वडिलांनी ते कोणाकडून आणि कोणत्या दस्ताने घेतले, याचा एक शब्दही नव्हता. विकणारे दोघे भाऊ सावकारी करणाऱ्या घरातले होते. सावकाराच्या घरात कागद जपून ठेवतात. अशा घराने आपल्या मिळकतीचा मागचा कागद सांगू नये, ही गोष्ट तिथेच थांबून विचार करण्यासारखी होती.

आता इंडेक्समध्ये मागे जायचे म्हटले तर पहिली अडचण घर नंबरची. नगरपालिकेच्या प्रत्येक फेरआकारणीत नंबर बदलतात. १९७४ चा नंबर आज नाही, आणि त्याआधी तिसराच नंबर होता. गावाचे नावही बदललेले. निजामाच्या काळात अंबाजोगाई कागदावर मोमिनाबाद होती. त्या काळातला दस्त आजच्या नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही. नंबर बदलतो, गावाचे नाव बदलते, मालक बदलतो, पण चतुःसीमा फार हळू बदलते. पूर्वेला बोळ, उत्तरेला देवळाची भिंत, दक्षिणेला रस्ता, या गोष्टी पन्नास वर्षांनीही तिथेच सापडतात. म्हणून जुन्या वस्तीत मी घराचा शोध चतुःसीमेने घेतो.

आणि चतुःसीमा फक्त आपल्या घराच्या दस्तात नसते, शेजाऱ्याच्या दस्तातही आपले घर असते. पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे १९५८ चे एक खरेदीखत निघाले. त्याच्या पूर्व सीमेत आपल्या या घराचे वर्णन होते. नाव एका कारागीर कुटुंबाचे, आणि पुढे लिहिले होते, हल्ली कब्जा अमुक सावकाराचा. म्हणजे १९५८ साली गल्लीतल्या माणसांना मालक वेगळा आणि कब्जेदार वेगळा हे ठाऊक होते. शेजाऱ्याला खोटे लिहिण्याचे काहीच कारण नव्हते, म्हणून अशा कागदाचे मोल मोठे असते. हे खत निघाले नसते तर पुढचा शोध तिथेच संपला असता.

आता त्या कारागिराच्या नावाने मागे जायचे होते. १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे दस्त उर्दूत आणि साल फसली. फसली साल हैदराबादेत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या तारखेत ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांत ५९१. सरसकट एकच आकडा मिळवला तर वर्ष चुकते. मृत्यूची तारीख दस्ताच्या आधीची की नंतरची हा प्रश्न आला, की एवढ्या चुकीने सगळा निष्कर्ष फिरतो.

जुन्या इंडेक्सच्या वह्या हाताने लिहिलेल्या. काही पाने जीर्ण, काही फाटलेली. जी पाने वाचता आली नाहीत, ती कोणत्या वर्षांची हे सर्च अहवालात लिहिणे वकिलाचे कर्तव्य आहे. बोजा नाही आणि पान नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल वाचताना ते वाक्य मुद्दाम शोधा.

खुर्दाद १३५२ फसलीचा, म्हणजे १९४३ च्या एप्रिलच्या सुमाराचा दस्त सापडला. तो बयनामा, म्हणजे खरेदीखत नव्हता. तो रहननामा होता, कब्जासहित रहन. रक्कम चारशे रुपये सिक्का हाली. कारागिराने घर सावकाराच्या ताब्यात दिले. सावकाराने घर वापरायचे, हा वापर हेच व्याज, आणि मुद्दल परत आले की घर परत द्यायचे. परत कधी द्यायचे याची मुदत दस्तात नव्हती. सावकाराच्या मुलांनी १९७४ साली हे घर मालक म्हणून विकले. जे त्यांच्याकडे नव्हते तेच त्यांनी विकले, असा याचा अर्थ होतो. खरेदी करणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही.

इथे पुष्कळ जण म्हणतील की एवढ्या जुन्या रहनाचे आता काय, तीस वर्षे कधीच उलटली. कायदा इतका सोपा नाही. मुदत न ठरलेल्या कब्जेगहाणात ही तीस वर्षे गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सिंग राम विरुद्ध शेओ राम या प्रकरणात सांगितले आहे. रक्कम वापरातून फिटली किंवा मालकाने ती दिली किंवा कोर्टात भरली, तेव्हापासून मुदत सुरू होते. नुसता काळ गेला म्हणून सावकार मालक होत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चारशे रुपयांच्या कागदात आजही जीव असू शकतो तो यामुळे.

मात्र या घरात एक गोष्ट वेगळी होती. सावकाराकडे घर नुसते राहिले नव्हते, त्याच्या मुलांनी ते मोबदला घेऊन तिसऱ्याला विकले होते. अशा वेळी मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद ६१ चा दुसरा भाग लागतो. गहाण मिळकत गहाणदाराने पैसे घेऊन पुढे दिली, तर ती परत मिळवायला मूळ मालकाला बारा वर्षे मिळतात, आणि ही बारा वर्षे त्या विक्रीची त्याला माहिती झाल्यापासून मोजतात. विक्री झाल्यापासून नाही. म्हणजे सगळे प्रकरण एका प्रश्नावर येऊन ठेपले. कारागिराच्या वारसांना १९७४ ची विक्री कधी कळली? ते गल्लीतच राहिले असते, रोज नवा मालक पाहत असते, तर १९८६ च्या आसपास त्यांचा हक्क संपला असे म्हणता आले असते. पण कुटुंब पोलीस ॲक्शननंतर कामासाठी हैदराबादला गेले होते.

याचे उत्तर मिळण्याची एक जागा म्हणजे सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही. पीआर कार्ड सगळे काढतात, पण ते ज्या चौकशीवरून तयार झाले तिची नोंद फार थोडे पाहतात. नगर भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकाऱ्याने कोणाला नोटीस दिली, कोणाचे जबाब घेतले, कोणता कागद पाहून मूळ धारक लिहिला, हे तिथे असते. भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मागता येते. कारागिराच्या एखाद्या वारसाचा हरकत नाही असा जबाब तिथे मिळाला असता, तर त्याला विक्री माहीत होती हा पक्का पुरावा झाला असता. या घराच्या नोंदीत फक्त १९७४ च्या खरेदीदाराचा जबाब होता आणि आधार म्हणून त्याचेच खरेदीखत. माहिती सिद्ध झाली नाही, म्हणजे दार उघडेच राहिले.

हे झाले १९७४ च्या मागचे. त्याच्या पुढच्या काळात तर इंडेक्सला काहीच दिसत नव्हते, कारण पुढे घर विकले गेले नाही, ते फक्त वारसाने उतरत गेले. मरणाची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नाही. कितीही वर्षांचा सर्च काढा, वारस इंडेक्समध्ये सापडत नाहीत.

खरेदीदार आजोबा १९८९ साली गेले. घर स्वकष्टार्जित होते. पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली असे सहा वारस, प्रत्येकाला सहावा हिस्सा. आजी १९९६ साली गेल्या आणि त्यांचा हिस्सा पाच मुलांत वाटला गेला. म्हणजे प्रत्येक भावा-बहिणीचा पाचवा हिस्सा झाला. थोरला भाऊ २०११ साली गेला. त्याचा पाचवा हिस्सा त्याची पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा, प्रत्येकी पंधरावा. पुण्याचा आपला विक्रेता म्हणजे हाच मुलगा. पीटीआरवर एकटा तो, पीआर कार्डावर एकटा तो, आणि घरात त्याची मालकी फक्त पंधराव्या हिश्श्याची.

त्याने फसवले का? मुळीच नाही. काकांनी तोंडी वाटणीत हे घर थोरल्याला दिले होते आणि ते आजही ते नाकारत नव्हते. त्या वाटणीवरच उताऱ्याला एकच नाव लागले. पण आत्यांना कोणी विचारले नव्हते. त्या वाटणीत नव्हत्या म्हणून ती त्यांच्यावर बंधनकारक नाही. काकांनी आपला हिस्सा सोडला म्हणायचे तर हक्कसोडपत्र नोंदलेले हवे. ते नव्हते. आत्या इतकी वर्षे गप्प होत्या म्हणून त्यांचा हक्क गेला, हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो आणि तो मला अन्यायाचा वाटतो. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. शिवाय भाऊ राहत असलेल्या घरात वाटणी मागायला मुलींना हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ नेच अडवले होते. भावांनी वाटणी काढेपर्यंत बहिणीने थांबायचे, असा तो नियम होता. तो २००५ साली गेला. कायद्याने ज्यांना गप्प बसवले, त्यांच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येणार नाही.

वारस शोधण्याचा रस्ता कार्यालयातून जात नाही. मृत्यू प्रमाणपत्र, जुने रेशनकार्ड, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र हे सगळे घ्या, पण प्रतिज्ञापत्रात विकणारा जे सांगेल तेच येते. म्हणून गल्लीतल्या वयस्क बाईजवळ बसून विचारावे, या घरच्या लेकी कुठं कुठं दिल्या? कागदाने जी लेक लपवलेली असते, ती या प्रश्नावर निघते. लहानपणी गेलेला मुलगा, त्याची विधवा, दुसरीकडे राहिलेली पहिली बायको, हे सगळे असेच कळते. विकणारे कुटुंब मुसलमान असेल तर हिस्सेही वेगळे आणि तोंडी हिबा हीसुद्धा मालकी बदलण्याची रीत आहे. ताबा खरोखर दिला गेला का, हे तिथे विचारावे लागते.

कोणी म्हणेल, आजोबांनी मृत्युपत्र केले असेल तर? तेही इंडेक्स दोनमध्ये येत नाही. नोंदलेली मृत्युपत्रे वेगळ्या पुस्तकात असतात, पुस्तक क्रमांक तीनमध्ये. करणारा हयात असताना नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, पण त्याच्या मृत्यूनंतर ती कोणीही अर्ज करून मागू शकतो. हा अर्ज जवळजवळ कोणी करत नाही. आम्ही केला. मृत्युपत्र नव्हते.

जाहीर नोटिशीबद्दल दोन शब्द. वर्तमानपत्रात पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, त्याने खरेदीदाराने काळजी घेतली हे दिसते. पण हैदराबादला बसलेल्या माणसाचा किंवा केजला दिलेल्या आत्याचा हक्क त्या नोटिशीने बुडत नाही. हरकत आली नाही म्हणून मालकी निर्वेध झाली, असे कोणी सांगितले तर मान्य करू नका. बँकेने कर्ज मंजूर केले हीही खात्री नव्हे. घर गेले तरी बँक हप्ते तुमच्याकडूनच मागणार आहे.

आणखी एक तपासणी मी इथे नेहमी करतो, ती थोडक्यात सांगतो. मराठवाड्यात देवस्थान आणि दर्ग्यांच्या इनामांची जागा फार आहे, आणि अशा जमिनींच्या बेकायदा विक्रीवरून आपल्या जिल्ह्यात गुन्हेही दाखल झाले आहेत. देवळाच्या किंवा दर्ग्याच्या भिंतीला लागून घर असेल तर पीआर कार्डावरचा धारणाधिकार पाहा, सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीतली मिळकतींची यादी पाहा आणि वक्फच्या राजपत्रातली नोंद पाहा. घर गावठाणाबाहेरच्या जुन्या रानात बांधलेले असेल तर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि असल्यास मुंतखब काढा. आपल्या या घराच्या उत्तरेला देऊळ होते, पण जागा देवस्थानची नव्हती.

आता शिक्षक दांपत्याने काय केले? अशा वेळी माझा पहिला सल्ला सौदा सोडण्याचा असतो. मूळ मालकाचे वारस सापडलेच नाहीत तर मी घर घेऊ देत नाही, किंमत कितीही कमी असो. इथे ते सापडले. पश्चिमेच्या शेजाऱ्याचे त्यांच्याशी लग्नकार्याचे जाणे-येणे होते. कारागिराची तीन नातवंडे हैदराबादेत होती. आजोबांचे इथे घर होते एवढे त्यांना ऐकून माहीत होते. रहनाची आणि १९७४ च्या विक्रीची माहिती त्यांना नव्हती. आम्ही त्यांना दस्ताची नक्कल दाखवली. काहींनी आम्हाला सांगितले होते की हे दाखवू नका, माणसे जागी होतील. मला ते पटले नाही. ज्याचा हक्क आहे त्याला अंधारात ठेवून घेतलेली सही पुढे कोर्टात उभी राहत नाही, आणि उभी राहिली तरी ती घेऊ नये.

बोलणी लांबली. शेवटी एकूण किमतीतला एक भाग त्या नातवंडांना देण्याचे ठरले आणि तो विक्रेत्याच्या बाजूने कमी झाला. त्यांनी रहनाचा उल्लेख करून, गहाण सोडवण्याचा आपला हक्क आणि मिळकतीतला इतर सर्व हक्क घेणाऱ्यांच्या लाभात सोडल्याचा दस्त नोंदवून दिला. दोन्ही आत्या, दोन्ही काका, विक्रेत्याची आई आणि बहीण हे सगळे खरेदीखतात विकणारे म्हणून आले. साक्षीदार म्हणून आले नाहीत. बहिणीची सही साक्षीदाराच्या जागी घेण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. साक्षीदार फक्त सही पाहिल्याचे सांगतो, आपला हिस्सा देत नाही. प्रत्येकीचा मोबदला तिच्या स्वतःच्या खात्यावर चेकने गेला आणि चेकचे नंबर खतात लिहिले. धाकट्या आत्याने तो चेक हातात घेऊन मला विचारले, हे माझ्या एकटीच्या नावाचं आहे ना?

नव्या खताची हकीकत आम्ही दोन पानी लिहिली. खुर्दाद १३५२ फसलीचा रहननामा, त्याचा नंबर, गाव मोमिनाबाद ऊर्फ अंबाजोगाई. शेजाऱ्याच्या १९५८ च्या खताचा नंबर. १९७४ चे खरेदीखत आणि ते कोणत्या अधिकाराने झाले होते याचा खुलासा. तिन्ही मृत्यूंच्या तारखा, सगळे वारस, त्यांचे हिस्से. हैदराबादच्या नातवंडांनी दिलेल्या दस्ताचा नंबर. घराचे जुने तीन नंबर आणि आजचा सिटी सर्व्हे नंबर, आणि चतुःसीमा आजच्या तसेच जुन्या नावांनी. टंकलेखकाने विचारले, साहेब, एवढं कशाला? स्टॅम्प तेवढाच लागणार आहे, हे मी त्याला सांगितले, आणि ते घर पुढे विकायला निघेल तेव्हा वकिलाला कुठून सुरुवात करायची ते पहिल्याच पानावर सापडेल.